वजन डब्यात की पाण्यात?

परिपाठ संपला, की विज्ञान मंडळाच्या कॅप्टनला तीन मिनिटं मिळतात. महिन्यातून एकदाच. त्या दिवशी दहावीतल्या कॅप्टनने कागद आणला नव्हता. तिने आणली होती मासे ठेवायची काचेची चौकोनी पेटी, निम्म्याहून अधिक पाण्याने भरलेली. पाण्यावर स्टीलचा एक रिकामा, पसरट डबा तरंगत होता आणि तिच्या हातात होतं किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन.

वजन तिने डब्याच्या मधोमध ठेवलं. डबा खाली दबला, पण तरंगत राहिला. काचेवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पाणी जिथवर चढलं, तिथे तिने पेन्सिलने रेघ मारली.

“आता मी हे वजन डब्यातून उचलून पाण्यात सोडणार आहे. डबा तरंगतच राहील, वजन तळाला जाईल. पाण्याची पातळी या रेघेच्या वर जाईल, खाली येईल, की तेवढीच राहील? मला लगेच सांगू नका. आधी वहीत लिहा, मग कारण लिहा. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत या. तोपर्यंत वजन पाण्यात पडणार नाही.”

एवढंच बोलून तिने अजून एक गोष्ट जोडली. या प्रश्नाला लागणारं सगळं आठवीच्या पुस्तकात आहे, त्यापलीकडचं एकही सूत्र लागत नाही. तरी तो अवघड आहे, आणि तो का अवघड आहे हेच तिला लहान वर्गांना दाखवायचं होतं. “आकडे मोठे केले की गणित लांबतं, अवघड होत नाही,” ती म्हणाली. “कोणतं सूत्र वापरायचं हे प्रश्न सांगत नाही, तेव्हा तो अवघड होतो.”

हा भेद नेमका आहे. पुस्तकातला नेहमीचा प्रश्न असा असतो: वस्तूचं वस्तुमान अमुक, आकारमान तमुक, ती पाण्यात बुडेल की तरंगेल? दोन आकड्यांचा भागाकार केला की घनता निघते आणि उत्तर मिळतं. धड्याचं नावच वाट दाखवतं. डब्याच्या प्रश्नात मात्र एकही आकडा दिलेला नाही, आणि काय मोजायचं हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचं आहे. हा प्रश्न तसा जुना आहे. तळ्यातली होडी, होडीतला दगड आणि तो पाण्यात टाकणारा माणूस, या रूपात तो जगभरच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत फिरत आला आहे. अमेरिकी प्राध्यापक जर्ल वॉकर यांच्या कोड्यांच्या प्रसिद्ध पुस्तकातही तो आहे. गॅमो, ओपेनहायमर आणि ब्लॉख हे तिघेही त्याच्या उत्तरात चुकले होते, असा किस्सा त्याच्याबरोबर सांगितला जातो.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बरीच मुलं जमली. बहुतेकांच्या वहीत ‘वर जाईल’ असं होतं. एका सातवीतल्या मुलाने कारणही लिहिलं होतं: “वस्तू पाण्यात बुडाली की पाणी चढतं.”

“खरंय,” ताई म्हणाली. “पण कशापेक्षा चढतं?”

मुलगा गप्प झाला. चूक नेमकी इथे होते. वस्तू टेबलावर असताना आणि ती पाण्यात असताना, या दोन स्थितींची तुलना केली तर पाणी चढतं, यात शंका नाही. प्रश्नातली तुलना वेगळी आहे. वजन आधीही पेटीतच आहे, डब्यात बसलेलं. म्हणजे पाणी आधीच चढलेलं आहे. आता विचारायचं ते एवढंच, की डब्यात बसून वजनाने पाणी जास्त सारलं होतं, की तळाला जाऊन ते जास्त सारेल?

फळ्यावर ताईने दोन चित्रं काढली. पहिल्यात वजन डब्यात, दुसऱ्यात तळाला. पहिल्या चित्राखाली तिने आर्किमिडीजचं तत्त्व लावलं. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, म्हणून लोखंडाचे ५०० ग्रॅम पेलण्यासाठी डब्याला जादाचं ५०० ग्रॅम पाणी सारावं लागतं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा ५०० मिलिलिटर. दुसऱ्या चित्रात वजन तळावर टेकलेलं आहे. ते तरंगत नाही, त्यामुळे आपल्या वजनाइतकं पाणी सारणं त्याला जमत नाही. त्याने जेवढी जागा व्यापली तेवढंच पाणी सरतं. ओतीव लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे सव्वासात पट असते. ५०० ला तेवढ्याने भागलं की जेमतेम ७० मिलिलिटर येतात.

डब्यात असताना ५००, तळाला गेल्यावर ७०. फरक ४३० मिलिलिटरचा. पेटीचा तळ २० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर. ४३० ला ४०० ने भागलं तर पाणी सुमारे ११ मिलिमीटर खाली यायला हवं.

पण ताईने वजन अजून सोडलं नाही. उत्तर टोकाला नेऊन बघा, असं तिने सांगितलं. समजा, ते अर्धा किलो वजन लोखंडाचं नसून एखाद्या अतिजड पदार्थाचं आहे आणि मोहरीच्या दाण्याएवढं आहे. डब्यात असताना ते ५०० मिलिलिटरच पाणी सारेल. तळाला गेलं की जवळजवळ काहीच नाही. अशा वेळी पातळी खाली येणार हे डोळ्यांसमोर लगेच येतं. आता दुसरं टोक. लोखंडाऐवजी पाण्याने भरलेली अर्ध्या किलोची पातळ पिशवी घेतली, तर? डब्यात ५००, पाण्यात ५००, पातळी हलणार नाही. एका मुलीने विचारलं, “आणि लाकडाचा ठोकळा टाकला तर?” ठोकळा पाण्यावर तरंगेल, म्हणजे बाहेरही तो आपल्या वजनाइतकंच पाणी सारेल. तेव्हाही पातळी तीच. टोकाच्या दोन्ही बाजू जुळल्या, की मधलं उत्तर बरोबर असण्याची शक्यता वाढते. आकडेमोडीत चिन्ह उलटं पडलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

मग तिने दोऱ्याने वजन सावकाश खाली सोडलं. पाणी रेघेखाली आलं. पट्टी लावून पाहिलं तर सेंटिमीटरभराहून किंचित जास्त.

मागून एक शंका आलीच: “ताई, थोडं पाणी बाहेर सांडलं असेल. म्हणून खाली गेलं.”

शंका रास्त होती. उंचावरून वजन टाकलं, पाणी उडालं, तर चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर मिळू शकतं. म्हणूनच दोरा वापरला होता. आणि ते तपासायची सोपी रीत आहे: वजन पुन्हा वर ओढून, ठिबकणारं पाणी पेटीतच निथळू देऊन, ते डब्यात ठेवायचं. पाणी पहिल्या रेघेवर परतलं तर काही सांडलेलं नाही. ते परतलं. आदल्या दिवशी घरी हाच प्रयोग तिने बादलीत करून पाहिला होता आणि तो फसला होता. बादली रुंद असल्याने फरक पाऊण सेंटिमीटरही भरला नाही. प्लास्टिक पारदर्शक नसल्याने तो वरून वाकून पाहावा लागला. आणि वजन डब्याच्या कडेला ठेवल्यामुळे डबा कलंडला तो वेगळाच. काचेची सरळ उभी पेटी आली ती त्यानंतर.

सरळ उभ्या भिंतींचा आणखी एक उपयोग होता. त्यामुळे हेच उत्तर दुसऱ्या वाटेने काढता येतं. पेटीच्या तळाला वरचं सगळं वजन पेलायचं असतं: पाणी, डबा, लोखंड. डबा तरंगत असताना हा सगळा भार पाण्याच्या दाबातूनच तळावर येतो. लोखंड तळावर टेकलं, की त्याचा काही भार थेट तळावर पडतो. किती? त्याच्या ५०० ग्रॅम भारापैकी ७० ग्रॅम पाणी उचलून धरतं, उरलेले ४३० ग्रॅम तळावर. म्हणजे पाण्याच्या दाबावरचा भार ४३० ग्रॅमनी हलका झाला. दाब कमी, तर पाण्याची उंची कमी. ४०० चौरस सेंटिमीटरवर ४३० ग्रॅम म्हणजे पुन्हा तेच ११ मिलिमीटर. बाजूला सरलेल्या पाण्याचं नाव न घेता तोच आकडा आला. बादलीसारख्या वर रुंद होत जाणाऱ्या भांड्यात ही दुसरी वाट इतकी सरळ राहत नाही, कारण तिरक्या भिंतीही पाण्याचा थोडा भार पेलतात. पातळी तिथेही खालीच येते, फक्त हिशेब बदलतो.

तीन मिनिटांच्या भाषणाने सुरू झालेला एक प्रश्न सोडवायला अख्खी मधली सुट्टी गेली. शाळेच्या परीक्षेत एका प्रश्नाला एवढा वेळ कुणी देत नाही. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये मात्र याहून जास्त मिळतो. तिथे लेखी परीक्षेत तीन प्रश्न आणि पाच तास असतात, म्हणजे एका प्रश्नामागे दीड तासाहून अधिक; शिवाय प्रयोगांची परीक्षा वेगळी. भारत त्यात १९९८ पासून संघ पाठवतो, आणि २०१५ मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली होती. भारतीय संघाची निवड आणि तयारी होते मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. तिथले प्रश्न या डब्याच्या प्रश्नापेक्षा कितीतरी पुढचे असतात, पण त्यांचीही सुरुवात चित्र काढण्यापासून आणि नेमकी कशाची कशाशी तुलना करायची हे ठरवण्यापासून होते.

घंटा व्हायच्या आत ताईने पुढच्या महिन्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला. वजन डब्यातच आहे, पण डब्याच्या तळाला सुईएवढं भोक आहे. पाणी हळूहळू आत शिरतं, डबा खाली खाली जातो आणि शेवटी बुडतो. या सगळ्या वेळात पेटीतल्या पाण्याची पातळी कशी बदलेल?

‘सावकाश चढेल’ असं दोघांनी लगेच लिहून टाकलं. आठवीतली एक मुलगी मात्र तळावरच्या भाराच्या चित्राकडे बघत उभी राहिली. डबा तरंगतोय तोवर तळावर थेट काहीच टेकलेलं नाही, ती पुटपुटली. पाणी बाहेरून आत गेलं तरी पेटीतला एकूण भार तेवढाच. मग पातळी रेघेवरच थांबेल. आणि डबा तळाला टेकला की एकदम उतरेल. किती उतरेल यासाठी डब्याचं स्वतःचं वजन लागेल, म्हणून तिने वही बंद केली आणि प्रयोगशाळेतला तराजू कुठे आहे ते विचारलं.

डब्याला भोक कोण पाडणार, यावर मात्र त्या दिवशी एकमत झालं नाही. डबा ताईच्या आईचा होता.