मोहरी कुर्त्याचा बाटली हिरवा कसा होतो?

ऑनलाइन दुकानात एकच कुर्ता सहा रंगांत दिसतो. मॉडेल तीच, उभं राहण्याची ढब तीच, चुण्यासुद्धा जिथल्या तिथे. अशा वेळी बहुधा एकाच रंगाचा कुर्ता घालून फोटो काढलेला असतो आणि बाकीचे रंग संगणकावर चढवलेले असतात. यात गैर काही नाही. अट एवढीच, की फोटोतला रंग घरी येणाऱ्या कापडाच्या रंगाशी जुळला पाहिजे. तो जुळवताना रंगापेक्षा उजळपणाच जास्त दगा देतो.

समजा, फोटो मोहरी रंगाच्या सुती कुर्त्याचा आहे आणि त्याचा बाटली हिरवा करायचा आहे. फोटोशॉपमधल्या Hue/Saturation मध्ये रंगाची पट्टी सरकवली की कुर्ता हिरवा होतो खरा, पण बाटली हिरवा नाही, पोपटीच्या जवळचा. कारण मोहरी हा मुळात उजळ रंग आहे आणि पट्टी सरकवल्याने तो उजळपणा फारसा हटत नाही.

म्हणून सुरुवात कापडापासून करायची. हिरव्या कापडाचा तुकडा घ्यायचा तो प्रत्यक्ष विक्रीच्या लॉटमधला. मंजुरीसाठी रंगवलेला ‘लॅब डिप’ चालत नाही, कारण लॉट बदलला की छटाही थोडी बदलते. पातळ कापडातून खालचा पृष्ठभाग डोकावतो, म्हणून तुकड्याच्या चार घड्या घालून तो स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचा. हे यंत्र तीन आकडे देतं: L म्हणजे उजळपणा, शून्य काळा आणि १०० पांढरा, a म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंतचा कल, b म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा. यंत्र D50 या प्रमाण प्रकाशावर ठेवायचं, कारण फोटोशॉपचे Lab आकडेही त्याच प्रकाशाला धरून असतात.

आपल्या हिरव्या तुकड्याचे आकडे आले २८, −२२, ८ असं धरू. आता फोटोत कुर्त्याचा असा भाग शोधायचा, जो सपाट आहे आणि दिव्याला समोरून सामोरा आहे. छातीखालचा भाग बहुतेक वेळा सोयीचा पडतो. तिथे Color Sampler ने सरासरी घेतली तर मोहरीचा L मिळतो, समजा, ७०. तो २८ वर आणायचा.

इथेच घोटाळा होतो. सगळीकडून सरसकट ४२ वजा केले, तर ४५ उजळपणाची चुणी तीनवर येते, म्हणजे जवळजवळ काळी. खऱ्या कापडात असं घडत नाही. गडद कापड पडलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्साच परत पाठवतं, मग तो भाग उन्हात असो वा चुणीत. त्या प्रमाणाने हिशोब केला तर ७० चे २८ होतात आणि ४५ चे १५. तेव्हा Curves मध्ये L च्या रेषेवर हे दोन बिंदू ठेवायचे. सावलीत रंगाची धारही बोथट होते, म्हणून चुणीत a हा −२२ न ठेवता साधारण −१६ आणि b ८ ऐवजी ६ ठेवायचा. तसं केलं नाही तर चुण्या आतून दिवा लावल्यासारख्या हिरव्या चमकतात. नकली रंग ओळखण्याची ती ठळक खूण आहे.

दुसरी खूण कुर्त्याच्या बाहेर सापडते. मोहरी कापडावरून परतलेला पिवळसर प्रकाश हनुवटीखाली आणि पांढऱ्या चुडीदारावर पडलेला असतो. कुर्ता हिरवा झाला तरी तो पिवळेपणा तिथेच राहतो आणि काहीतरी बिनसलंय असं डोळ्याला जाणवतं. तो हलक्या हाताने काढावा लागतो.

ही आकडेमोड खरी ठरायची तर मूळ फोटोही खरा हवा. त्यासाठी त्याच दिव्यांत, पहिल्या फ्रेममध्ये, चोवीस चौकटींचा रंगतक्ता धरून फोटो काढतात आणि त्यावरून कॅमेऱ्याचा कल दुरुस्त करतात. शेवटी कॅलिब्रेट केलेल्या पडद्याशेजारी, D50 दिव्याखाली, कापडाचा तुकडा धरून पाहायचं. खिडकीतल्या उजेडात किंवा ट्यूबलाइटखाली ही तुलना फसते, कारण दिवा बदलला की काही रंगद्रव्यांची छटाच बदलते.

तरीही काही रंग हाती लागत नाहीत. वेबवरची चित्रं बहुतेक sRGB या मर्यादित रंगकक्षेत असतात आणि झगझगीत मोरपंखी बरेचदा तिच्या बाहेर पडतो. तिथे L नीट जुळवून तेज थोडं कमी ठेवणं आणि वर्णनात तसं लिहिणं हाच प्रामाणिक मार्ग. धूपछाँव रेशमात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कापड वळेल तसा रंग पालटतो. त्याला मोजून ठेवता येईल असा एक आकडाच नसतो. असं कापड असेल तर प्रत्येक रंगाचा वेगळा फोटो काढावा.