कोणते पाटील?

आडनावांच्या उगमावर शाळेत नाटुकली बसवायची, गावात आलेल्या पाहुण्याला मुलांनी आपापल्या आडनावाची गोष्ट सांगायची, ही कल्पना चांगली आहे. पण जळगाव-धुळ्याकडे ती बसवायला घेतली की संहिता पहिल्याच पानावर अडते. हजेरीपटावर एकामागून एक पाटील असतात. मधूनमधून चौधरी, महाजन, सोनवणे, माळी, कोळी, भील, तडवी येतात. पाटलाच्या मुलाने काय सांगायचं? ‘आमचे पूर्वज गावचे पाटील होते’ एवढं एक वाक्य झालं की त्याचा संवाद संपतो, आणि पुढच्या सहा मुलांना तेच वाक्य म्हणावं लागतं. मग शिक्षक किंवा पालक ऐकीव कथांचा आधार घेतात. कुणाचा पूर्वज लढाईत वाघाशी झुंजतो, कुणाला राजाने सोन्याचं कडं दिलेलं असतं. टाळ्या पडतात, पण पाहुण्याला खानदेशाबद्दल खरं काहीच कळलेलं नसतं. अशा नाटुकलीतला प्रत्येक संवाद एका प्रश्नाभोवती लिहायला हवा: हे आडनाव कागदावर कुणी लिहिलं आणि कोणत्या प्रसंगी? आडनावाचा जो उगम आपल्याला खरोखर शोधता येतो तो बहुतेक वेळा नोंदीचा असतो, रक्ताचा नसतो.

पाहुणा कोण निवडायचा यावरही बरंच अवलंबून आहे. पाहुण्या तमिळनाडूतल्या घ्याव्यात. तिकडे अनेक जण आडनाव लावतच नाहीत, स्वतःच्या नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. अशा बाई वर्गात येऊन सहज विचारू शकतात, ‘तुम्ही सगळे पाटील, म्हणजे एकाच घरातले का?’ खानदेशातला माणूस हा प्रश्न विचारणार नाही. तो विचारेल, ‘कोणते पाटील?’ या दोन प्रश्नांमधल्या अंतरातच नाटुकलीचा मुख्य प्रवेश आहे. तो साधारण असा लिहिता येईल:

पाहुण्या : मग ‘कोणते पाटील’ याचं उत्तर काय देता तुम्ही?
पहिला : घरात विचारलं मॅडम. दाखल्यावर पाटील आहे, पण भाऊबंदकीत आम्ही बोरसे. लग्न जमवताना तेच विचारतात.
दुसरी : आम्हीपण पाटील, पण आम्ही लेवा. यांचे-आमचे सोयरसंबंध नाहीत.
पाहुण्या : मग नाव एकच कसं?
पहिला : नाव घराण्याचं नव्हतं ना मॅडम. कामाचं होतं.

शेवटच्या ओळीमागचा इतिहास शिक्षकांना माहीत असला म्हणजे ती ओळ पोकळ राहत नाही. पाटीलकी हे वतन होतं. गावचा सारा गोळा करणं, भांडणतंटे पाहणं, सरकारदरबारी गावातर्फे उभं राहणं ही कामं पाटलाकडे होती आणि त्याबदल्यात जमीन व मानपान होता. वतन वंशपरंपरेने चालायचं आणि भावाभावांत त्याच्या वाटण्या व्हायच्या. काम एका वेळी एखाद्याच भावाकडे असलं तरी नाव सगळ्या भाऊबंदांना लागायचं. ज्या गावात ज्या समाजाकडे पाटीलकी, तिथे त्या समाजाचे पाटील. म्हणून मराठा, लेवा, गुजर, राजपूत असे निरनिराळे पाटील एकाच तालुक्यात भेटतात. पुढे १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचं वंशपरंपरागत पद महाराष्ट्रात रद्द झालं. आज गावात असतो तो १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली नेमलेला पोलीस पाटील, आणि त्याचं किंवा तिचं आडनाव काहीही असू शकतं. एका मुलीने मंचावर म्हणावं, ‘आमच्या गावचे पोलीस पाटील आडनावाने माळी आहेत, आणि आमच्या वर्गातल्या एकाही पाटलाच्या घरी पाटीलकी नाही.’ पद गेलं आणि नाव राहिलं, हे पाहुण्यांना त्या एका वाक्यात समजतं.

‘चौधरी’चंही तसंच. १६०१ मध्ये खानदेश अकबराच्या ताब्यात गेला. मोगली कारभारात चौधरी हा परगण्याचा वतनी अधिकारी होता, आणि व्यापाऱ्यांच्या किंवा एखाद्या धंद्याच्या मुखियालाही चौधरी म्हणत. म्हणून आज लेवा पाटीदारांत चौधरी आहेत, गुजरांत आहेत, तेली समाजातही आहेत. नावावरून नातं जुळत नाही, इतकंच कळतं की कुठल्या तरी पिढीत कुणाकडे तरी मुखियापण होतं.

आता कागदाकडे. मुलांना घरी जाऊन ‘आपल्या आडनावाचा अर्थ काय’ असं विचारायला लावलं की ऐकीव कथाच हाती येते. त्याऐवजी वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शेत असेल तर सातबारा आणि जुना फेरफार, आणि जमल्यास गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, एवढं पाहायला सांगावं. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हे जुनं दप्तर पुष्कळ घरांत चर्चेचा विषय झालं आहे, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस कुठे आहे हेही गावात ठाऊक असतं. अशा जुन्या नोंदींची घडण पाहण्यासारखी आहे. ‘दगडू वल्द झिपरू’, पुढे जात, पुढे गाव. वल्द म्हणजे मुलगा. झिपरूचा मुलगा दगडू, एवढ्यावर सरकारचं काम भागत होतं, आणि आडनावाचा रकाना पुष्कळदा नसतोच. नाटुकलीत हा कागद वाचला गेला की तमिळ बाईंनी म्हणावं, ‘अरे, ही तर आमचीच पद्धत!’ पाहुण्यांना मुलांनी माहिती द्यायची आणि त्यांनी कौतुक करायचं, हा नेहमीचा साचा इथे मोडतो, कारण पाहुण्यांच्या नावाने मुलांना आपल्याच पणजोबांची नोंद उलगडते.

शाळेत मुलाचं नाव घालायला आलेल्या बापाला गुरुजींनी आडनाव विचारलं आणि त्याला तशी सवयच नसली तर त्या रकान्यात काय जाणार? पुष्कळदा जातीचं नाव गेलं. माळी, कोळी, धनगर, शिंपी, सोनार ही आडनावं आणि आदिवासी मुलांची भील, तडवी, पावरा ही आडनावं इतक्या मोठ्या संख्येने दिसतात त्यामागे हे एक मोठं कारण मानता येईल. एकाच आजोबांच्या नातवंडांपैकी एकाच्या दाखल्यावर भील आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर सोनवणे किंवा मोरे असू शकतं, तेही दोघांची शाळा वेगळी म्हणून.

इथे खरा आणि गंभीर आक्षेप येतो. पाटलाचा मुलगा मंचावर ताठ मानेने बोलेल, पण ज्याचं आडनाव म्हणजेच जात आहे त्याने शे-दोनशे लोकांसमोर काय सांगायचं? आपल्याकडे ‘आडनाव काय?’ हा प्रश्न अनेकदा जात विचारण्याचा सभ्य मार्ग असतो. मग शाळेने ती चौकशी मंचावर का आणावी? हा आक्षेप रास्त आहे, आणि ‘मुलं निरागस असतात’ म्हणून तो झटकता येणार नाही. पण त्यावर उपाय विषय टाळण्याचा नाही, भूमिका बदलण्याचा आहे. चिठ्ठ्या टाकून आडनावं वाटावीत. पाटलाची मुलगी ‘भील’चा संवाद म्हणेल, माळ्याचा मुलगा ‘चौधरी’चा. स्वतःचं आडनाव कुणाच्याच वाट्याला येऊ देऊ नये. संवादातही कर्ता बदलावा. ‘आम्ही भील म्हणून आमचं आडनाव भील’ असं न लिहिता ‘शाळेत नाव घालताना आडनावाच्या जागी जमातीचं नाव लिहिलं गेलं, तेच पुढे चाललं’ असं लिहावं. पहिल्या वाक्यात मुलाची ओळख त्याच्या जातीवर संपते. दुसऱ्यात रकाना भरणारा हात दिसतो. पाटील हेही असंच बाहेरून आलेलं नाव आहे हे त्याआधी सांगून झालेलं असल्यामुळे एक आडनाव वरचं आणि दुसरं खालचं, ही समजूत संहितेच्या रचनेतच ढिली पडते.

दुसरा आक्षेप घरच्यांचा असतो: आमच्या वाडवडिलांची गोष्ट खोटी ठरवणारे तुम्ही कोण? खोटी ठरवायचीच नाही. तिचा दर्जा तेवढा सांगायचा. निकुंभ आडनाव घ्या. चाळीसगावजवळच्या पाटण्याला यादवांचे मांडलिक असलेलं निकुंभ घराणं राज्य करत होतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापला आणि निकुंभांनी त्याला दान दिलं, हे तिथल्या शिलालेखावरून कळतं. आज खानदेशात निकुंभ आडनावाची घरं आहेत. नाटुकलीतला निकुंभ ‘आम्ही त्या राजांचे वंशज’ असं म्हणून टाळ्या घेऊ शकतो. पण त्या शिलालेखापासून आजच्या दाखल्यापर्यंत मध्ये आठशेहून अधिक वर्षं आहेत, आणि घराण्याचं नाव प्रजेने, चाकरांनी, आश्रितांनी घेतल्याची उदाहरणं देशभर आहेत. म्हणून त्याचा संवाद असा असावा: ‘पाटण्याला निकुंभ राजे होते, हे दगडावर लिहिलंय. आम्ही त्यांचेच, असं आजी सांगते. मधला कागद मला सापडला नाही.’ तीन वाक्यांत पुरावा, परंपरा आणि अज्ञान यांच्या जागा ठरतात, आणि आजीचा मानही राहतो.

आणखी एक संवाद मुलीच्या तोंडी हवाच. आतापर्यंतचे सगळे कागद बापाकडून मुलाकडे जाणारे आहेत. जळगावच्या विद्यापीठाला जिचं नाव आहे ती बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये असोद्याला जन्मली ती महाजनांच्या घरी. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि ती जळगावच्या चौधरींकडे आली. महाजन हा व्यापारी-पेठेतल्या मानाचा शब्द, चौधरी मुखियापणाचा. दोन्ही पुरुषांच्या पदांवरून आलेले, आणि ती मात्र शेतात राबताना ओव्या रचत होती. पाहुण्यांनी ‘मग बहिणाबाईंचं खरं आडनाव कोणतं?’ असं विचारावं आणि मुलीने उत्तर न देता वर्गाकडे वळून विचारावं, ‘तुमच्या आईचं लग्नाआधीचं आडनाव किती जणांना माहीत आहे?’ किती हात वर येतात ते संहितेत लिहू नये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं. ती मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. त्यांच्या दाखल्यावर आई असेल, पण तिचं माहेरचं आडनाव नसेलच, म्हणून हा प्रश्न तेव्हाही मुलांना घरी जाऊनच विचारावा लागेल.