आखूड ठोक्याचा हिशेब

क्लॉक ५०० मेगाहर्ट्झचा असेल तर त्याच्या एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत २००० पिकोसेकंद मिळतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्या वेळात चिपमधल्या एका फ्लिप-फ्लॉपमधून माहितीचा बिट बाहेर पडतो, गेट्सच्या रांगेतून वाट काढतो आणि दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या दाराशी येतो. नुसतं वेळेत पोचून भागत नाही. पुढचा ठोका पडण्याच्या थोडं आधी त्याला स्थिर होऊन थांबावं लागतं. या थांबण्याच्या वेळेला सेटअप म्हणतात.

एका अशा वाटेचा हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण त्यांचं प्रमाण खऱ्या डिझाइनला धरून आहे. पहिल्या फ्लिप-फ्लॉपमधून बिट बाहेर यायला १२० पिकोसेकंद लागतात, गेट्स आणि तारा पार करायला १५६०, सेटअपला ८०. चिपच्या दोन कोपऱ्यांत क्लॉक अगदी एकाच क्षणी पोचत नाही, त्या फरकाचे म्हणजे स्क्यूचे १००. बेरीज १८६०. हातात राहिले १४०. या १४० मधून ठोक्याच्या अनियमितपणाची किंमत चुकवायची असते. त्या अनियमितपणाला जिटर म्हणतात.

आता क्लॉक बनवणाऱ्या चिपचं डेटाशीट उघडलं, की जिटरचा एकच आकडा सापडत नाही. पिरियड जिटर, सायकल-टू-सायकल जिटर, फेज जिटर अशा वेगवेगळ्या ओळी असतात आणि त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. यातला कोणता आकडा १४० मधून वजा करायचा हे ज्याला नीट ठाऊक नसतं, तो एक तर चिप बिघडवतो नाही तर विनाकारण महाग करतो.

पिरियड जिटर समजायला सोपा आहे. ठोक्यांमधली अंतरं एकेक करून मोजायची आणि प्रत्येक अंतर आदर्श २००० पासून किती ढळलं ते पाहायचं. सायकल-टू-सायकल जिटरला मात्र त्या आदर्श अंतराशी काही देणंघेणं नसतं. तो प्रत्येक अंतराची तुलना लगतच्या अंतराशी करतो. समजा क्लॉकची अंतरं ओळीने १९७०, २०३०, १९७०, २०३० अशी येत आहेत. प्रत्येक अंतर आदर्शापासून ३० ने ढळलेलं आहे, म्हणजे पिरियड जिटर ३०. पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला फरक दर वेळी ६० आहे, म्हणून सायकल-टू-सायकल जिटर ६०. क्लॉक तोच, तरी आकडा दुप्पट.

हे दुपटीचं नातं मेमरीच्या मानकातही दिसतं. DDR3-1600 या मेमरीचा क्लॉक ८०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे १२५० पिकोसेकंदांचा असतो. जेडेक संस्थेच्या मानकानुसार त्याचा पिरियड जिटर, तिथल्या भाषेत tJIT(per), उणे-अधिक ७० पिकोसेकंदांपर्यंत चालतो आणि सायकल-टू-सायकल जिटर, tJIT(cc), १४० पर्यंत. एक अंतर ७० ने लांबलं आणि लगेच पुढचं ७० ने आखडलं, तर फरक १४० होतो. पहिली मर्यादा पाळली असेल, तर दुसरा आकडा यापुढे जाऊच शकत नाही.

वर मांडलेल्या वाटेवर बिटाला एकच प्रश्न असतो: मी निघालो त्या ठोक्यानंतरचा ठोका किती लवकर पडेल? आधीचं अंतर लांब होतं की आखूड, याने त्याला काही फरक पडत नाही. त्याच्या वाट्याला एकच अंतर येतं आणि ते जितकं आखूड, तितकी त्याची अडचण मोठी. म्हणून सेटअपच्या हिशेबातून पिरियड जिटरच वजा करायचा, आणि तोही फक्त आखूड बाजूचा. अंतर लांबलं तर बिटाला उलट जास्त वेळ मिळतो.

होल्डची गोष्ट वेगळी आहे. ठोका पडल्यानंतर जुना बिट क्षणभर जागेवर टिकला पाहिजे, ही होल्डची अट. ही शर्यत एकाच ठोक्याच्या आत होते, पुढच्या ठोक्याशी तिचा संबंध नाही, म्हणून पिरियड जिटर तिला शिवत नाही. क्लॉकच्या फांद्या फुटल्यानंतर प्रत्येक फांदीत जो जिटर स्वतंत्रपणे मिसळतो, तेवढा मात्र तिथे मोजावा लागतो.

आता आपल्या वाटेचा पिरियड जिटर किती धरायचा? समजा हा क्लॉक २५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडा वापरून दुप्पट केलेला आहे. मूळ क्लॉकचा उंच भाग १९७० आणि खालचा भाग २०३० पिकोसेकंदांचा निघाला, तर दुप्पट झालेल्या क्लॉकमध्ये नेमकी वरची आखूड-लांब रांग तयार होते. हा ३० चा भाग ठरावीक आहे, तो कधी वाढत नाही. त्यावर ट्रान्झिस्टरमधल्या उष्णतेच्या गोंधळामुळे येणारा यादृच्छिक जिटर असतो. डेटाशीटमध्ये तो आरएमएस, म्हणजे प्रमाण विचलन म्हणून दिलेला असतो. आपण तो ६ धरू.

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात, कारण ६ हा आकडा दिसायला निरुपद्रवी आहे. आरएमएस हा जिटरचा नेहमीचा पसारा सांगतो, त्याची सीमा नाही. गॉसच्या वक्राला सीमा नसतेच. मोठी विचलनं फक्त अधिकाधिक दुर्मिळ होत जातात. सातपट, म्हणजे ४२ पिकोसेकंदांनी आखूड ठोका येण्याची शक्यता सुमारे एक लाख कोटीत एक आहे. ऐकायला हे फारच दुर्मिळ वाटतं. पण हा क्लॉक सेकंदाला ५० कोटी ठोके देतो, त्यामुळे तसा ठोका साधारण पंचवीस-सव्वीस मिनिटांत एकदा येऊन जातो. आठपट, म्हणजे ४८ पिकोसेकंद राखून ठेवले, तर तो महिन्याभराहून जास्त काळाने एकदा येतो. सहा पिकोसेकंदांच्या फरकाने मिनिटांचे आठवडे होतात. अर्थात चूक प्रत्यक्ष घडायला त्याच क्षणी त्या वाटेवरचा बिट बदलत असला पाहिजे, आणि तापमान आणि व्होल्टेजही त्या वाटेसाठी सर्वांत वाईट असलं पाहिजे. म्हणूनच हे बिघाड प्रयोगशाळेत सापडत नाहीत आणि ग्राहकाकडे उन्हाळ्यात डोकं वर काढतात.

आपण सातपट धरू. यादृच्छिक भागाचे ४२ आणि ठरावीक भागाचे ३० मिळून ७२. १४० मधून ७२ गेले, शिल्लक ६८. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला ही रक्कम एका ओळीत कळवतात, नॅनोसेकंदात:

```
set_clock_uncertainty -setup 0.072 [get_clocks core_clk]
```

कुणी याच ओळीत सायकल-टू-सायकलचा आकडा घातला तर काय होईल? ठरावीक भाग ६० होतो. यादृच्छिक भागात प्रत्येक कडा स्वतंत्रपणे हलत असेल, तर पिरियड जिटरच्या तीनच्या वर्गमुळाइतपट, म्हणजे साधारण १०.४ प्रमाण विचलन येतं. त्याची सातपट ७३. एकूण १३३. शिल्लक उरते ७. मग डिझायनर घाबरून वेगवान पण वीज खाणारे गेट्स घालतो, नाही तर क्लॉकचा वेग उतरवतो, आणि ६१ पिकोसेकंदांची ही टंचाई खरी कधी नव्हतीच.

उलट्या बाजूची चूक जास्त घातक आहे. संगणकातल्या पीसीआय एक्स्प्रेसचा १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक घ्या. एकाच वारंवारतेवर रेडिओलहरींचा गोंगाट साचू नये म्हणून त्याची वारंवारता मुद्दाम ०.५ टक्क्यापर्यंत खाली झुलवतात, सेकंदाला साधारण तीस ते तेहतीस हजार वेळा. याला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात. ठोक्याचं अंतर १०,००० पिकोसेकंदांवरून सावकाश १०,०५० होतं आणि तितक्याच सावकाश परत येतं. हा ५० पिकोसेकंदांचा प्रवास सुमारे १६०० ठोक्यांमध्ये वाटला जातो, म्हणजे लगतच्या दोन अंतरांत फरक पडतो जेमतेम ०.०३ पिकोसेकंद. सायकल-टू-सायकल मोजणाऱ्याला हा झोका दिसतच नाही.

इथे वारंवारता फक्त कमी केली जाते, अंतरं फक्त लांबतात, म्हणून सेटअपचं नुकसान होत नाही. पण झोका मधल्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना ०.५ टक्का असेल, तर आपल्या २००० च्या ठोक्याचं सर्वांत आखूड अंतर १९९० होतं. शिल्लक राहिलेल्या ६८ मधून १० गेले, आणि सायकल-टू-सायकलच्या ओळीत त्याचा मागमूस नाही. चिपवरच्या रिंग ऑसिलेटरला वीजपुरवठ्यातली सावकाश लहर मिळाली तर हेच घडतं. केवळ सायकल-टू-सायकल जिटर लहान आहे म्हणून कुणी क्लॉक चांगला म्हणत असेल, तर त्याला पिरियड जिटरचा आकडा मागितलाच पाहिजे.

मग सायकल-टू-सायकल मोजायचाच कशाला? निदानासाठी. ऑसिलोस्कोपवर सलग दहा हजार अंतरं पकडा आणि दोन्ही जिटरची प्रमाण विचलनं काढा. मग दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर १.७ च्या आसपास आलं, तर प्रत्येक कडा आपापली हलते आहे, म्हणजे क्लॉक वाहून नेणाऱ्या बफरमध्ये गोंगाट आहे. १.४ आलं, तर प्रत्येक अंतर स्वतंत्रपणे बदलतं आहे, हे मोकळ्या ऑसिलेटरचं लक्षण. एकाहून फार कमी आलं, तर काहीतरी सावकाश झुलतं आहे: स्प्रेड स्पेक्ट्रम किंवा पुरवठ्यातली लहर. अंतरांचा आलेख काळाप्रमाणे काढला की ती लाट डोळ्यांना दिसते आणि तिच्या वारंवारतेवरून उगमही सापडतो. मोजताना ऑसिलोस्कोपचा स्वतःचा जिटरही उत्तरात मिसळतो. यादृच्छिक भाग वर्गांनी वजा होतात, म्हणून मोजणीत ५ आले आणि उपकरणाचा वाटा ३ असेल, तर क्लॉकचा खरा जिटर ४.

आपल्या ५०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर हा भागाकार केला, तर उत्तर जवळपास नेमकं २ येईल. दोन म्हणजे लांब-आखूड, लांब-आखूड अशी रांग, आणि दोष थेट मूळ क्लॉकच्या उंच आणि खालच्या भागांच्या असमानतेत. २५० मेगाहर्ट्झच्या त्या क्लॉकचे दोन्ही भाग २००० चे करणारं ड्यूटी-सायकल दुरुस्तीचं सर्किट घातलं, की ठरावीक ३० पैकी बहुतेक पिकोसेकंद परत मिळतात आणि शिल्लक ६८ वरून ९८ च्या जवळ जाते. गेट्सच्या रांगेतला एकही गेट त्यासाठी बदलावा लागत नाही.