५०० केबीत मावणारा आकाशकंदील

व्हॉट्सॲपवरच्या हलत्या स्टिकरला तीन अटी पाळाव्या लागतात. चित्र ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं हवं, लांबी दहा सेकंदांच्या आत हवी आणि वेबपी फाइल ५०० केबीपेक्षा मोठी नको. पहिल्या दोन कुणालाही जमतात, गाडी अडते ती तिसरीवर. ॲपलच्या ॲप स्टोअरवर आयमेसेजसाठी स्टिकर दिले, तर तिथेही एका स्टिकरला ५०० केबीचीच मर्यादा आहे. फाइल जड झाली की बहुतेक जण ‘क्वालिटी’चा आकडा खाली ओढत राहतात आणि चित्राची पार रया जाते. खरं तर तो आकडा सगळ्यात शेवटी हलवायचा असतो.

एक उदाहरण घेऊ. दिवाळीसाठी झुलणारा आकाशकंदील काढला आहे. केशरी कागद, खाली लाल झिरमिळ्या, आत मंद उजेड आणि भोवती हळूहळू विरत जाणारी प्रभा. ॲनिमेशन तीन सेकंदांचं, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एकूण ९० फ्रेम. ५०० केबी ९० जणांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम साडेपाच केबी येतात. कंदिलाचं एक स्थिर चित्रसुद्धा एवढ्यात नीट बसायचं नाही.

म्हणून कात्री आधी फ्रेमला लावायची. नीट पाहिलं तर तीन सेकंदांत कंदील दोनदा झुलतो आणि दोन्ही झोके हुबेहूब सारखे आहेत. स्टिकर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतोच, मग दुसरा झोका साठवायचा कशाला? दीड सेकंदाचा एकच झोका ठेवला की उरल्या ४५ फ्रेम. आता सेकंदाला ३० ऐवजी साधारण १२ फ्रेम धरा. हाताने काढलेल्या चित्राला तेवढ्या पुरतात, उलट त्यात जास्त जान वाटते असं माझं मत आहे. झोका दोन्ही टोकांना क्षणभर मंदावतो, त्याचाही फायदा घेता येतो. टोकाच्या दोन फ्रेमना प्रत्येकी ११० मिलिसेकंद आणि मधल्या १६ फ्रेमना प्रत्येकी ८० दिले की बेरीज बरोबर १५०० होते. फ्रेम झाल्या १८, आणि प्रत्येकीला मिळाले सुमारे २८ केबी. रंगाला अजून हातही लावलेला नाही, तरी जागा पाचपट झाली.

जीआयएफ करायची असेल तर वेळेची आणखी एक खोच आहे. तिच्यात वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिली जाते, त्यामुळे ८० मिलिसेकंद नेमके बसतात, पण ३० फ्रेमच्या वेगाला लागणारे ३३.३ बसत नाहीत. कुणी सेकंदाला ६० फ्रेम काढून ठेवल्या आणि प्रोग्रामने प्रत्येकीची वेळ एक शतांश लिहिली, तर ब्राउझर ती वेळ मानतच नाहीत. ते सरळ दहा शतांश धरतात आणि कंदील पेंगुळल्यासारखा झुलू लागतो. संगणकावर झरझर चालणारी जीआयएफ ब्राउझरमध्ये रेंगाळली, की दोष इथे शोधावा.

आता रंग. जीआयएफच्या एका पॅलेटमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. पॅलेट सगळ्या फ्रेमना मिळून एक ठेवता येतं किंवा प्रत्येकीला वेगळं देता येतं. वेगळं दिलं तर २५६ रंगांच्या प्रत्येक पॅलेटला ७६८ बाइट जातात. शिवाय तोच केशरी या फ्रेममध्ये किंचित वेगळा, पुढच्या फ्रेममध्ये आणखी वेगळा, अशी कागदाची लुकलुक सुरू होते. आपल्या कंदिलाला एकच पॅलेट आणि ६४ रंग पुरेसे आहेत. फक्त एका गोष्टीवर डोळा ठेवायचा. पॅलेट निवडताना जो रंग जास्त जागा व्यापतो त्याला झुकतं माप मिळतं. टोकाला एवढासा हिरवा गोंडा असेल, तर तो मातकट होऊन बसतो. असं दिसलं तर रंग थोडे वाढवा किंवा गोंडाच मोठा काढा.

खरी मेख डिदरिंगमध्ये आहे. रंग कमी केले की प्रभेत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वर्तुळं उमटतात. ती लपवण्यासाठी दोन रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटेचा भास निर्माण करतात. सर्वांत प्रसिद्ध रीत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची, १९७६ची. ती प्रत्येक पिक्सेलची चूक उजवीकडच्या आणि खालच्या पिक्सेलांकडे ढकलते. एका चित्राला हे सुरेख दिसतं. पण कंदील जरासा हलला की चुकांची वाट बदलते आणि त्याच्या उजवीकडचे, खालचे स्थिर भागही दर फ्रेमला नवे ठिपके घेऊन येतात. डोळ्यांना ती मुंग्यांची रांग वाटते आणि फाइलला तो नवा मजकूर वाटतो. जीआयएफ सारख्या पिक्सेलांची सलग रांग लागली तर नीट दाबली जाते, आणि मागच्या फ्रेममधला न बदललेला भाग पुन्हा साठवावा लागत नाही. हे ठिपके दोन्ही सवलती घालवतात.

उपाय म्हणजे बायर पद्धत. तिच्यात ठिपक्यांची जाळी जागच्या जागी पक्की असते, त्यामुळे जे हलत नाही ते खरोखर हलत नाही. जाळी थोडी दिसते खरी, पण चॅटमधल्या तळहाताएवढ्या चित्रात ती खपून जाते. फ्रेम आधीच हव्या त्या मापात, आयमेसेजच्या मधल्या आकारासाठी ४०८ बाय ४०८ मध्ये काढून ठेवा आणि मग ही आज्ञा द्या:

```
ffmpeg -framerate 12.5 -i k%02d.png -lavfi "split[a][b];[a]palettegen=max_colors=64:stats_mode=diff[p];[b][p]paletteuse=dither=bayer:bayer_scale=4:diff_mode=rectangle" kandil.gif
```

`bayer_scale` शून्य ते पाचपर्यंत असतो. आकडा वाढला की जाळी पुसट होते, पण वर्तुळं पुन्हा डोकावू लागतात. या आज्ञेत सगळ्या फ्रेमना ८० मिलिसेकंदच मिळतात, टोकाच्या दोन फ्रेमची वेळ नंतर वाढवावी लागते. आणि जीआयएफमध्ये अर्धपारदर्शक असं काही नसतं. पिक्सेल एक तर असतो, नाहीतर नसतो. म्हणून विरत जाणारी प्रभा कडेला कातरल्यासारखी दिसते. जीआयएफसाठी प्रभेला सरळ ठसठशीत कड काढणं, हेच मला पटतं.

वेबपीला ही अडचण नाही, तिच्यात पारदर्शकतेच्या छटा असतात. आणि इथे बरोबर उलटा नियम लागतो. लॉसी वेबपीला पॅलेटही नको आणि डिदरिंग तर मुळीच नको. मऊ छटा तिला स्वस्त पडतात, ठिपके महाग. म्हणूनच तयार जीआयएफवरून वेबपी बनवणं हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण डिदरिंगचा प्रत्येक ठिपका ती इमानेइतबारे साठवत बसते. वेबपी नेहमी मूळ पीएनजी फ्रेमवरून करावी, या वेळी ५१२च्या मापात. पहिली आणि दहावी फ्रेम ही झोक्याची टोकं धरली, तर:

```
img2webp -lossy -q 60 -m 6 -d 110 k01.png -d 80 k0[2-9].png -d 110 k10.png -d 80 k1[1-8].png -o kandil.webp
```

तरीही फाइल ५०० केबीच्या वर गेली, तर आता कुठे `-q` थोडा उतरवा. उतरवताना लाल झिरमिळ्यांकडे बघत राहा. लॉसी वेबपी रंगाची माहिती उजेडापेक्षा निम्म्या बारकाईने साठवते, त्यामुळे बारीक लाल रेघा सगळ्यात आधी फिसकटतात. चित्र सपाट रंगांचं असेल, प्रभा वगैरे काही नसेल, तर `-lossy` काढून पाहा. २५६च्या आत रंग असलेलं चित्र लॉसलेस वेबपीत कधी कधी आणखी लहान होतं आणि कडाही शाबूत राहतात.

पाठवण्याआधी स्टिकर पांढऱ्या आणि काळ्या, दोन्ही पार्श्वभूमीवरच्या चॅटमध्ये तपासा, आणि मूळ पीएनजी फ्रेम पुसू नका.