अकरा चौदाला पेपर बंद पडला

"सर, माझा पेपर नीट सबमिट झाला नाही. मध्येच सिस्टिम हँग झाली आणि लिहिलेलं सगळं गेलं. मी खूप अभ्यास केला होता. प्लीज काहीतरी करा."

परीक्षा संपल्यावर सात मिनिटांनी हा मेल आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात आला. मेल पाठवणारी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. साडेदहा ते बारा अशी दीड तासाची, घरून द्यायची प्रोग्रॅमिंगची परीक्षा होती आणि तीन प्रश्न होते. मेलमध्ये आसन क्रमांक नव्हता, विषयाचं नाव नव्हतं, काय किती वाजता घडलं तेही नव्हतं. तरी आमच्या लिपिकांनी नावावरून तिची नोंद शोधली. दुसऱ्या प्रश्नासमोर लिहिलं होतं : उत्तर दिलेले नाही. तसं उत्तर तिला कळवलं गेलं.

त्या काळात मी परीक्षा विभागाचं काम बघत होते. ती मुलगी खरं बोलत होती आणि आमची नोंदही खोटी नव्हती. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, ते तिच्या दुसऱ्या मेलमुळे उलगडलं. तो मेल दुपारी चार वाजता आला.

कागदावरच्या परीक्षेत उत्तरपत्रिका एकच असते. ऑनलाइन कोडिंगच्या परीक्षेत लिहिलेला कोड एका वेळी तीन ठिकाणी असू शकतो. पहिली जागा म्हणजे समोरची खिडकी, विद्यार्थ्याच्या ब्राउझरमधली. टॅब बंद पडला की तिथलं जाऊ शकतं. दुसरी जागा सर्व्हरवरची जतन प्रत. दर काही सेकंदांनी ब्राउझर आपणहून कोड तिकडे पाठवतो आणि बऱ्याच यंत्रणांमध्ये नवी प्रत जुन्या प्रतीवर लिहिली जाते. तिसरी जागा विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कोड चालतो का ते बघायला विद्यार्थी "रन" दाबतो, तेव्हा तो कोड बहुतेक यंत्रणांमध्ये त्याच्या संगणकावर चालत नाही. तो सर्व्हरवर जातो, तिथे चालवला जातो आणि निकाल परत येतो. अनेक यंत्रणा अशा प्रत्येक रनची स्वतंत्र नोंद ठेवतात, त्या क्षणीच्या कोडसकट. या नोंदी एकमेकींवर लिहिल्या जात नाहीत.

आता त्या सकाळी काय झालं ते बघा. अकरा वाजून चौदा मिनिटांनी सर्व्हर बंद पडला आणि बारा मिनिटांनी परत आला. मुलीने पान पुन्हा उघडलं. ब्राउझरला तिचा जुना कोड सर्व्हरकडून वेळेत मिळाला नाही, म्हणून त्याने दुसऱ्या प्रश्नाच्या खिडकीत सुरुवातीचा कोरा साचा भरला, म्हणजे फंक्शनचं नाव, दोन कंस आणि मध्ये मोकळी जागा. तीन सेकंदांनी आपोआप जतन करण्याची वेळ झाली आणि हा कोरा साचा तिच्या पाऊण तासाच्या उत्तरावर जाऊन बसला. तिने कशालाही हात लावला नव्हता. आमच्या तक्त्यात मात्र शेवटची प्रत म्हणून साचाच दिसत होता, म्हणून "उत्तर दिलेले नाही".

तिचा दुसरा मेल असा होता. ओळख पटेल असा मजकूर मी काढला आहे.

"विषय : आसन क्रमांक …, प्रोग्रॅमिंग चाचणी, सकाळची तुकडी : 11:14 ला परीक्षा बंद पडली, प्रश्न 2 चे उत्तर नाहीसे झाले

महोदय, मी आज 10:30 च्या तुकडीत परीक्षा दिली. प्रश्न 2 मी बराचसा लिहिला होता. साधारण 11:12 ते 11:13 च्या दरम्यान मी शेवटचे रन दाबले. नमुन्याच्या तीनपैकी दोन चाचण्या बरोबर आल्या. 11:14 ला पान पांढरे झाले, मग 502 Bad Gateway असे दिसले. 11:15 चा मोबाइलवर काढलेला फोटो जोडला आहे. तेव्हा घरातील इंटरनेट चालू होते. 11:26 ला पान उघडले, तेव्हा प्रश्न 2 मध्ये फक्त सुरुवातीचा साचा होता. 11:28 ला पर्यवेक्षकांना चॅटवर कळवले. 'पुढे चालू ठेवा' असे उत्तर आले. उरलेल्या वेळात मी प्रश्न 3 घेतला, तो अपुरा राहिला.

विनंती : (1) 11:12 च्या सुमाराच्या रनमधील प्रश्न 2 चा कोड तपासावा व त्यावर गुण द्यावेत. (2) गेलेल्या बारा मिनिटांबाबत नियमाप्रमाणे निर्णय द्यावा. (3) या तारखेच्या माझ्या सर्व नोंदी निर्णय होईपर्यंत पुसू नयेत."

हा मेल मी कंपनीच्या तंत्रज्ञाला जसाच्या तसा पाठवला. त्याला शोधायला काय हवं असतं? परीक्षार्थी कोण, प्रश्न कोणता, वेळ कोणती आणि कोणतं बटण दाबलं. चारही गोष्टी तिथे होत्या. तरी त्याचं पहिलं उत्तर आलं, की 11:12 ला काहीच नोंद नाही. कारण सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालत होतं आणि ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपले अकरा बारा म्हणजे तिथले पाच बेचाळीस. तसं शोधल्यावर या चार ओळी निघाल्या :

```
05:42:47Z  RUN         q2  run=14  bytes=1184
05:44:05Z  DISCONNECT
05:56:19Z  CONNECT
05:56:22Z  SAVE        q2  bytes=96
```

शेवटचं रन 1184 बाइटचं, म्हणजे साधारण तितक्या अक्षरांचं होतं आणि नंतरची जतन प्रत 96 ची. एवढा मोठा कोड पान उघडल्यावर तीन सेकंदांत कोणी हाताने पुसून, नेमका मूळ साचा ठेवत नाही. तिच्या सांगण्यातला शब्द न् शब्द या चार ओळींत होता.

तिच्या मेलमधली मला सर्वांत मोलाची वाटते ती 502 ची ओळ. घरून परीक्षा घेताना बहुतेक ठिकाणी सूचनांमध्येच लिहिलेलं असतं, की वीज आणि इंटरनेट ही परीक्षार्थीची जबाबदारी. त्यामुळे दोष कुठे होता हा पहिला वाद असतो आणि तो पडद्यावरच्या संदेशावरून बराचसा सुटतो. 502 चा अर्थ असा, की तुमची विनंती त्यांच्या दारापर्यंत पोचली, पण दारामागच्या सर्व्हरने नीट उत्तर दिलं नाही. ERR_INTERNET_DISCONNECTED दिसलं तर मात्र तुमच्याच यंत्राचं इंटरनेट तुटलेलं असतं. क्रोममध्ये Aw, Snap! आलं, तर तो टॅब तुमच्या संगणकावर कोसळलेला असतो. जुन्या लॅपटॉपवर कॅमेऱ्याची देखरेख आणि परीक्षा एकत्र चालवताना मेमरी अपुरी पडली की असं होऊ शकतं. पांढरं पान एवढ्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून संदेशाचा फोटो हवा. देखरेखीच्या परीक्षेत मोबाइल हातात घेणं गैरप्रकार धरलं जाऊ शकतं, हे विसरू नका. या मुलीने कॅमेऱ्यासमोर तसं बोलून मग फोटो काढला होता, आणि चॅट परत सुरू होताच तेही लिहून कळवलं होतं.

दोष आपल्या बाजूचा असला तर तो तसाच लिहावा. वीज गेली असेल तर वीज गेली असं लिहा. सर्व्हरवर तुटल्याची वेळ असतेच, आणि त्या तुकडीतल्या इतरांचे संपर्क त्याच क्षणी तुटले होते की नाही हेही कळतं. सांगण्यात एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. घरची वीज गेली असली, तरी रनमधला कोड तपासा ही विनंती रास्तच राहते.

आणखी एक चूक मी अनेकदा पाहिली आहे. परीक्षा संपल्यावर मुलं आठवून कोड पुन्हा लिहितात आणि "हे माझं उत्तर" म्हणून जोडतात. परीक्षेच्या वेळेबाहेर लिहिलेल्या कोडला कोणताही परीक्षा विभाग गुण देऊ शकत नाही आणि नोंदीतल्या कोडशी तो जुळला नाही तर संशय उलट मुलावर येतो. आठवून लिहायचंच असेल, तर आपण कोणती पद्धत वापरली होती ते दोन वाक्यांत सांगा आणि हे नंतर लिहिलं आहे असं स्पष्ट म्हणा. तेवढ्याने नोंद ओळखायला मदत होते. प्रश्नाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. दुसरी तुकडी व्हायची असेल तर तो पेपरफुटीचा विषय होतो आणि तुमची तक्रार बाजूला राहते.

रनची नोंद सापडली म्हणजे सगळं भरून निघालं असं नाही. शेवटच्या रननंतर लिहिलेलं त्यात नसतं. तिने 11:12 नंतर दोन ओळी बदलल्या होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. जो विद्यार्थी पूर्ण उत्तर लिहून मगच एकदा रन दाबतो, त्याच्यासाठी मागे काहीच राहत नाही. शिवाय या नोंदी कायमच्या नसतात. जागा मोकळी करण्यासाठी त्या ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात, म्हणून मेलमधली तिसरी विनंती पहिल्या दोन्हींइतकीच गरजेची होती.

पुढे असं झालं. चौदाव्या रनमधला कोड परीक्षकांनी नेहमीच्या लपवलेल्या दहा चाचण्यांवर चालवला. सात बरोबर आल्या आणि त्याप्रमाणे तिला गुण मिळाले. सर्व्हर बंद पडला होता हे सिद्ध झाल्यामुळे त्या तुकडीतल्या सगळ्यांना तिसऱ्या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न अर्ध्या तासाच्या वेगळ्या चाचणीत दिला. त्या दिवशी "काहीतरी करा" एवढंच लिहिणाऱ्या आणखी मुलांच्या नोंदीही आम्ही याच पद्धतीने उघडल्या आणि काहींची उत्तरं परत मिळाली. आधीच्या मेलवर आम्ही त्यांना नकार कळवला होता. ती चूक आमची होती. शेवटची प्रत कोरी दिसली तेव्हाच आम्ही रनच्या नोंदी मागवायला हव्या होत्या.

परीक्षा विभागाने ऐकलंच नाही तर पुढची पायरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तक्रार मिळाल्यापासून शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो आणि निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं. तिथेही पहिला मेलच पुरावा म्हणून लागतो, त्यावरच्या तारखेसह आणि वेळेसह.

परीक्षा घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. परीक्षेच्या सूचनांमध्ये एवढं छापा : पेपर बंद पडल्यास पडद्यावरचा संदेश कसा टिपायचा, कोणाला कळवायचं आणि तक्रारीत प्रश्न क्रमांक व शेवटच्या रनची वेळ लिहायची. आम्ही त्या सत्रापासून ते छापतो.