घरची ओढ आणि हॉलंडमधला हिवाळा

आमच्या बोर्ली पंचतनला परदेश नवा नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या कितीतरी घरांतली माणसे आखातात गेली. पण तिथे एका खोलीत सहा-आठ जण राहत आणि त्यांत आपल्या बाजूचे दोघे-तिघे असत. जेवण एकत्र, भांडणही एकत्र. आता मुले कंपनीच्या नोकरीवर युरोपात जातात, तेव्हा पगार चांगला असतो, खोली स्वतंत्र असते आणि तिच्यात बोलायला कोणी नसते. हा एकटेपणा वेगळा आहे.

गेल्या हिवाळ्यात एक बाई रक्तदाब तपासायला आल्या. गोळ्या नियमित घेऊनही दाब चढाच. झोपेबद्दल विचारले तर म्हणाल्या, "डॉक्टर, मुलाचा फोन रात्री एकला येतो. दोन-अडीचपर्यंत बोलतो. मग मला झोप कुठली?" मुलगा इंजिनियर, ऑक्टोबरपासून हॉलंडमध्ये. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तो कामावरून येऊन, जेवून साडेआठला फोन करी, तेव्हा बोर्लीत एक वाजलेला असे. म्हणजे औषधाची गरज आईपेक्षा मुलाच्या दिवसाला होती. त्याच्याशी मी फोनवर बोललो.

डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. हा अंधारात घर सोडी, अंधारात परते. रात्री पाव किंवा पाकिटातल्या शेवया. फोन संपला की मराठी सिनेमे पाहत दोन वाजवी आणि रविवारी दुपारी एकला उठे. म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा अर्धाअधिक उजेडही झोपेत जाई. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडाने लागते. तो मिळाला नाही की झोप सरकते, आणि झोप बिघडली की घरची आठवण दुप्पट टोचते.

ही ओढ म्हणजे मुलूखभरचा नाजूकपणा नव्हे. 1688 साली बाझेलच्या योहानेस होफर या वैद्यकीय विद्यार्थ्याने तिच्यावर प्रबंध लिहिला आणि परतणे व वेदना या दोन ग्रीक शब्दांपासून तिला 'नोस्टाल्जिया' असे नाव दिले.

मुलाला मी पहिली गोष्ट सांगितली ती फोनची वेळ. फोन कमी करू नकोस, हलव. त्याचे सकाळी सव्वासात म्हणजे आपल्याकडे पावणेबारा. आईचा स्वयंपाक उरकलेला असतो आणि त्याला कामावर जायचे असल्याने बोलणे आपोआप वीस मिनिटांत आटपते. रात्रीचा फोन दुःख उगाळतो, सकाळचा फोन दिवस सुरू करून देतो, असा माझा अनुभव. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथले घड्याळ एक तास पुढे जाते. तेव्हापासून त्याचा सव्वासातचा फोन इथे पावणेअकराला येतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालायचे, आभाळ भरलेले असले तरी. ढगाळ आकाशाखालचा उजेड ऑफिसातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट असतो. उठण्याची वेळ रविवारीही तीच, फार तर एक तास उशिरा.

तिसरी गोष्ट वरण-भाताची. हॉलंडमध्ये सुरीनामहून आलेली भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. त्यांच्या दुकानांत तूरडाळ, हळद, हिंग मिळते. आठवड्यातून तीनदा कुकर लावायचा आणि एकदा तरी कोणाला जेवायला बोलवायचे. त्याने एका तुर्की सहकाऱ्याला बोलावले. त्या गड्याला आमटी तिखट लागली, पण पुढच्या आठवड्यात त्याने याला घरी नेले. शिवाय दर बुधवारी बॅडमिंटन, त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी. मैत्री लगेच होत नाही. तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसावे लागतात, ओळख त्यातूनच वाढते.

पहिले दहा दिवस काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात झोप बाराच्या आत येऊ लागली. रविवारची संध्याकाळ मात्र त्याला अजून जड जाते, आणि दिवाळी-गणपतीत ती जाणारच.

आता पालकांनी ओळखायचे ते हे. घरची ओढ लाटांसारखी येते, आणि माणूस कामात, खेळात गुंतला की काही वेळ विसरतो. पण दोन आठवडे दिवसभर मन खिन्न, कशातच गोडी नाही, पहाटे तीनला जाग, वजन घटते, कामावर दांड्या, दारू वाढते, घरी यायच्या बेतानेही आनंद होत नाही, तर ते नैराश्य असू शकते. ते कुकर आणि बॅडमिंटनने बरे होत नाही, उपचार लागतात. हॉलंडमध्ये अशा वेळी आधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जायचे असते. त्याला तिथे 'हुइसआर्ट्स' म्हणतात. त्याच्याकडे नाव नोंदवावे लागते आणि ते बरे असतानाच नोंदवून ठेवावे. आरोग्य विमाही चार महिन्यांच्या आत काढणे सक्तीचे आहे. मुलगा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलला तर "असं बोलू नये" म्हणून विषय तोडू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे जायला लावा, किंवा तिथल्या 113 या मदत क्रमांकावर फोन करायला सांगा. जिवाला धोका वाटला तर 112.