झोला की फॉल्ट?
डिस्टन्स रिले बिचारा व्होल्टेजला करंटने भागतो, बस्स. पॉवर स्विंगमध्ये दोन टोकांच्या जनरेटरांतला कोन वाढतो, व्होल्टेज बसतं, करंट चढतो आणि हा भागाकार झोनमध्ये शिरतो. कोन १८० अंशांवर गेला की इलेक्ट्रिकल सेंटरवर चक्क थ्री-फेज फॉल्टच दिसतो!

फरक फक्त वेगाचा. फॉल्टमध्ये इम्पिडन्स क्षणात उडी मारतो, स्विंगमध्ये सरकत येतो. म्हणून झोनबाहेर दोन सीमा आखतात. समजा, बाहेरची ९० अंशांवर, आतली १२० वर. स्लिप २ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७२० अंश. मधले ३० अंश कापायला सुमारे ४२ मिलिसेकंद. टायमर ३५ ठेवला, तर त्याहून सावकाश आलेल्याला ब्लॉकिंग मिळतं.

बाहेरची सीमा मात्र कमाल लोडला शिवता कामा नये. स्विंग चालू असताना खरा फॉल्ट झाला तर? असंतुलित असेल, तर निगेटिव्ह सीक्वेन्स करंट दिसताच ब्लॉकिंग उठवतात. संतुलित थ्री-फेज फॉल्ट ओळखणं मात्र खरी डोकेदुखी.